वरचा दात आणि डोळ्याची नजर

‘वरची दाढ काढली की डोळ्याची नजर जाते,’ हे वाक्य ग्रामीण भागातील कोणत्याही दंतवैद्याला अपरिचित नसावे. भोर-वेल्ह्यातील एखाद्या वाडीतून दवाखान्यात येण्याजाण्यात ज्येष्ठांचा अर्धा दिवस खर्ची पडतो. एवढे करून आलेल्या आजी खुर्चीत बसल्यावर ‘गोळी द्या, दात राहू द्या’ म्हणतात, तेव्हा बहुधा मनात हीच शंका असते. प्रतीक्षाकक्षातील भिंतीवर दोन-चार ओळींचा फलक लावून तिचे उत्तर देता येते. मात्र त्या ओळी जपून लिहाव्या लागतात.

आधी समज कोठून आला ते पाहू. वरच्या दातांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसेची शाखा डोळ्याच्या खोबणीच्या तळाजवळून जाते. त्यामुळे वरची दाढ ठणकू लागली की कळ गालातून डोळ्यापर्यंत गेल्यासारखी वाटते. दृष्टीची नस मात्र निराळी असते. ती डोळ्याच्या मागील बाजूने थेट मेंदूकडे जाते आणि दाताशी तिचा संबंध नसतो. दुसरे कारण वयाचे आहे. ज्या वयात दाढा काढाव्या लागतात, त्याच वयात मोतीबिंदूही वाढत असतो. दाढ चैत्रात काढली आणि दिवाळीपर्यंत दिसणे मंदावले, तर घरातील माणसे दोन्ही घटनांची सांगड घालतात. हा त्यांचा अडाणीपणा नव्हे. क्रमाने घडलेल्या गोष्टींत आपण सारेच कार्यकारणभाव शोधतो.

आता फलकावर काय लिहावे? पहिला मोह भीतीचा: ‘किडलेली दाढ ठेवाल तर प्राणाशी गाठ!’ आधीच घाबरलेल्या माणसाला अशाने दुसरी भीती मिळते आणि तो परत जातो. दुसरा मोह हमीचा: ‘शंभर टक्के वेदनारहित!’ सुन्न करणारी सुई टोचते, गाठ पिकलेली असेल तर ती नेहमीइतकी परिणामकारक ठरत नाही, आणि भूल उतरल्यावर दुखते. एवढे एक आश्वासन खोटे ठरले की फलकावरील उरलेल्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. त्यापेक्षा असे लिहावे:

‘वरचा दात काढल्याने दृष्टी अधू होत नाही. दाताची आणि दृष्टीची नस वेगळी आहे. डोळ्यांची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी. येताना आपली सर्व औषधे सोबत आणावीत.’

येथे समज मोठ्या अक्षरांत पुन्हा छापलेला नाही. दुरून वाचणाऱ्या आजोबांना मोठी अक्षरेच लक्षात राहतात. ती समजाची असतील तर फलक समजाचाच प्रचार करील. शेवटची ओळ सर्वांत उपयोगाची आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी, मधुमेहाचे औषध, हाडांच्या ठिसूळपणासाठीची इंजेक्शने यांची माहिती दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना हवीच असते. रक्त पातळ करणारी गोळी घरच्यांनी स्वतःहून बंद करू नये. तो निर्णय दोन्ही डॉक्टरांचा.

एक अपवादही प्रामाणिकपणे सांगावा लागतो. वरच्या जबड्यात सुई दिल्यावर क्वचित काही वेळ एकाचे दोन दिसते. भूल उतरली की ते जाते. उलट, दाढ न काढता डोळ्याखाली सूज चढू लागली, ताप आला किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

दुसरा फलक मिश्रीचा. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही काळी पूड अनेक वृद्ध स्त्रिया बालपणापासून लावत आल्या आहेत. ‘मिश्रीशिवाय दात दुखतात, तोंड बरे वाटत नाही,’ असे त्या सांगतात आणि ते खोटे नसते. निकोटिनची तलफ भागली की बरे वाटते. त्यालाच दातांचे औषध समजले जाते. येथे सडलेल्या जबड्याचे छायाचित्र लावले, तर आजी डबी कमरेला खोचून मान फिरवतील. ‘मिश्री सोडा, हलणारे दात घट्ट करा’ हेही लिहू नये, कारण दाताभोवतीचे झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. असे पुरेल:

‘मिश्रीत तंबाखू असते. तिने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर दाखवावा. सोडताना तलफ येते. मदतीसाठी 1800-11-2356 हा विनामूल्य क्रमांक आहे.’

कर्करोग हा शब्द टाळायचा नाही. भीतीचे चित्र टाळायचे आहे. सुनेने किंवा नातवाने फलक वाचून दाखवला, तर शेवटची ओळ आजींच्या समोर सावकाश वाचावी. डबी मात्र त्यांच्या हातून हिसकावून घेऊ नये. ती लपवली की मिश्री न्हाणीघरात लावली जाते, आणि मग तोंडातला चट्टा कोणालाच दिसत नाही.