पोहोच, जतन आणि दुवा : इन्स्टाग्रामवरील आकड्यांचे वाचन

समाजमाध्यमावर खाते चालविणाऱ्या विद्यापीठीय विभागापुढे दर आठवड्यास एक प्रश्न उभा राहतो : हाताशी असलेल्या थोड्या वेळात यापुढे काय अधिक प्रसिद्ध करावे? इन्स्टाग्राम व्यावसायिक स्वरूपाच्या खात्यांना ‘इन्साइट्स’ या नावाने काही आकडे पुरविते व या प्रश्नाचे उत्तर त्यांत तयारच आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः हे आकडे निरनिराळ्या क्रियांची मोजदाद करतात आणि पुष्कळदा परस्परविरोधी साक्ष देतात. ती साक्ष कशी तपासावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरणादाखल मोडी लिपीचे वर्ग चालविणाऱ्या एका विभागाचे खाते घेऊ. पुढील आकडे विवेचनाच्या सोयीसाठी कल्पिलेले आहेत. आठवड्यास दोनच पोस्ट तयार करण्याइतके मनुष्यबळ या विभागापाशी आहे, आणि वर्गास नोंदणी पुरेशी झाली नाही तर वर्ग भरणार नाही. खात्यावर तीन प्रकारचा मजकूर जातो : मोडी अक्षरांचे तक्ते, किल्ल्यांवर चित्रित केलेल्या रील, आणि जुन्या कागदाचे छायाचित्र देऊन त्याच्या पहिल्या एकदोन ओळींचे वाचन.

प्रथम ‘रीच’, म्हणजे पोहोच. पोस्ट ज्या निरनिराळ्या खात्यांच्या नजरेस पडली त्यांची ही अंदाजित संख्या होय. एकाच खात्याने ती चारदा पाहिली तरी पोहोच एकच धरली जाते. पुनःपुन्हा पाहणे ‘व्ह्यूज’मध्ये मोजले जाते. यामुळे सहा पोस्टच्या पोहोचींची बेरीज म्हणजे तितकी माणसे, असे मुळीच नव्हे, कारण तोच अनुयायी सहाही ठिकाणी मोजला गेलेला असतो. ही बेरीज अहवालांत वारंवार दिसते, म्हणून मुद्दाम उल्लेख केला. निरनिराळ्या पोस्टवरील प्रतिसादाची तुलना करताना छेद म्हणून मात्र ती वापरता येते.

आता सहा रीलची पोहोच अनुक्रमे ३,०००, ३,५००, ४,०००, ५,०००, १२,००० आणि ४०,००० आहे असे समजू. सरासरी ११,२५० येते; परंतु सहांपैकी चार रील तिच्या निम्म्यापर्यंतही पोहोचलेल्या नाहीत. एका रीलने सरासरी वर ओढली आहे. मध्यक काढला तर तो ४,५०० येतो, आणि पुढच्या रीलकडून काय अपेक्षावे याचा तोच अधिक विश्वसनीय अंदाज होय. तक्त्यांची पोहोच याहून पुष्कळच कमी, १,४०० ते २,६०० यांच्या दरम्यान आहे. केवळ पोहोच पाहणारा संपादक येथेच निर्णय देऊन मोकळा होईल : तक्ते थांबवा, रील वाढवा.

जतनांची संख्या पाहता चित्र पालटते. इन्स्टाग्रामवर पोस्ट जतन करण्याची सोय २०१६ च्या डिसेंबरात आली. ही क्रिया इतरांस दिसत नाही. म्हणून ‘लाइक’मध्ये असणारा दाखविण्याचा अंश तीत नसतो, आणि ‘हे पुन्हा लागेल’ हा हेतू बहुधा असतो. सहा तक्त्यांची मिळून ११,४५० पोहोच व ४९० जतने आहेत. सहा रीलची ६७,५०० पोहोच व अवघी ३४८ जतने. दर हजार पोहोचीमागे जतने काढली तर तक्त्यांचा मध्यक सुमारे ४१ व रीलचा साडेसहा येतो.

येथे दोन सावधगिरी अवश्य बाळगल्या पाहिजेत. पहिली अशी की पोहोच वाढत गेली की हे प्रमाण बहुधा उतरते. ४०,००० पर्यंत गेलेल्या रीलचे प्रमाण हजारी ४ च आहे, आणि यात त्या रीलचा दोष असेलच असे नाही. पोस्ट अनुयायांच्या वर्तुळाबाहेर गेली की मोडीशी काहीच संबंध नसलेली माणसे छेदात शिरतात. इन्साइट्समध्ये पोहोचीची अनुयायी व अननुयायी अशी फोड मिळते; ती पाहिल्याखेरीज दोन प्रमाणांची तुलना करू नये.

दुसरी सावधगिरी लहान संख्यांची. दोन तक्त्यांपैकी एकास १,८०० पोहोचीमागे ८१ जतने मिळाली, दुसऱ्यास २,१०० मागे ८४. म्हणजे हजारी ४५ आणि ४०. पहिला सरस म्हणावा काय? अशा मोजणीत संख्येच्या वर्गमूळाइतका चढउतार निव्वळ योगायोगाने होतो. ८१ चे वर्गमूळ ९, आणि १,८०० मागे ९ म्हणजे हजारी ५. दोहोंतील अंतर तेवढेच असल्याने त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. किंबहुना दिवस, वेळ व विषय बदलल्यामुळे प्रत्यक्षातील चढउतार याहून मोठाच असतो. म्हणून पोस्टची तुलना पोस्टशी न करता प्रकाराची प्रकाराशी करावी, आणि सर्व आकडे पोस्टच्या सारख्याच वयाचे, उदाहरणार्थ सातव्या दिवशीचे, घ्यावेत.

परंतु विभागास हवी आहे ती नोंदणी, आणि नोंदणीच्या पानाकडे नेणारा दुवा पोस्टखालील मजकुरात लिहिला तरी तो उघडत नाही. तो खात्याच्या परिचयात ठेवावा लागतो किंवा स्टोरीवर चिकटवावा लागतो. परिचयातील दुव्यावर क्लिक करणारा कोणती पोस्ट पाहून आला हे खात्रीने सांगणे कठीण. स्टोरीचे तसे नाही. प्रत्येक प्रकारासाठी दुव्यास निराळी खूण जोडता येते :

```
?utm_source=instagram&utm_medium=story&utm_campaign=modi-takta
```

कागदवाचनाच्या दुव्यात शेवटचा शब्द `modi-kagad` असा ठेवावा. मग पानावर किती जण आले व त्यांतील किती जणांनी नोंदणी केली, हे संकेतस्थळाच्या मोजणीत वेगवेगळे दिसते. इन्स्टाग्रामने मोजलेले क्लिक व पानावर पोहोचलेली माणसे यांत काही तफावत राहतेच, कारण पान उघडण्यापूर्वीच मागे फिरणारेही असतात.

आता समजा, प्रत्येक प्रकाराच्या सहा स्टोरींची पोहोच मिळून ३,६०० झाली. रीलवरून १८ क्लिक आले, तक्त्यांवरून ५४ आणि कागदवाचनावरून १०८. शेवटच्या दोहोंतील अंतर ५४ आहे. योगायोगाचा चढउतार दोहोंच्या बेरजेच्या, म्हणजे १६२ च्या, वर्गमूळाइतका, सुमारे १३. अंतर त्याच्या चौपट असल्याने ते खरे मानण्यास हरकत नाही. आणि याच कागदवाचनाच्या पोस्टना जतने मात्र हजारी १० च मिळालेली आहेत!

या विसंगतीचे कारण मजकुराच्या घडणीत शोधले पाहिजे. तक्ता स्वतःच पूर्ण असतो; तो जतन केला की वाचकाचे काम झाले, त्याला पानावर जाण्याची गरज उरत नाही. कागदाच्या दोन ओळी वाचून दाखविल्या की तिसरी आपणांस का वाचता येत नाही, ही रुखरुख वाचकास दुव्याकडे नेते. अर्थात हे अनुमान आहे. ते पडताळावयाचे तर स्टोरीवरील आवाहनाचे शब्द तिन्ही प्रकारांत एकच ठेवून, प्रकारांचे वार आळीपाळीने बदलून, आणखी सहा आठवडे मोजणी करावी लागेल.

तोवर या विभागाने आठवड्याच्या दोन पोस्टपैकी एक कागदवाचनास द्यावी व दुसरी तक्त्यास. रील बंद करू नये, कारण नवे अनुयायी मुख्यतः तिच्यातूनच येत असावेत. महिन्यातून एकदा तक्त्याची जागा तिला द्यावी, आणि तिचे मोजमाप जतनांवर न करता अननुयायांतील पोहोच व त्या आठवड्यात वाढलेले अनुयायी यांवर करावे. नोंदणीची मुदत संपल्यावर `modi-kagad` या खुणेने आलेल्यांपैकी प्रत्यक्ष शुल्क भरणारे मोजावेत. ते तक्त्यांवरून आलेल्यांहून कमी निघाले, तर वरील वाटणी उलट करावी लागेल.