धुराड्यातून जाणारा खर्च

कारखान्याच्या हिशेबवहीत कोळसा, वीज, मजुरी, व्याज, दुरुस्ती असे सगळे खर्च असतात. धुराड्यातून जे बाहेर जाते त्याचा रकाना मात्र नसतो. तो धूर कोणाच्या तरी फुप्फुसात, शेतात किंवा तळ्यात उतरतो आणि त्याचे नुकसान त्या माणसाला सोसावे लागते. त्या व्यवहारात त्याला कोणी विचारलेले नसते आणि त्याचा मोबदलाही मिळत नाही. व्यवहाराच्या बाहेरच्या माणसावर पडणाऱ्या अशा भाराला अर्थशास्त्रात बाह्यता म्हणतात. उत्पादकाच्या खिशातून जातो तो खासगी खर्च. त्यात इतरांचे नुकसान मिळवले की होतो तो सामाजिक खर्च. उत्पादक आपले निर्णय पहिला आकडा पाहून घेतो, त्यामुळे माल स्वस्त वाटतो आणि धूर गरजेपेक्षा जास्त निघतो.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली या अंतरावर उपाय सुचवला, तो असा: नुकसानीएवढा कर लावावा. हा दंड नव्हे. दंड नियम मोडल्याबद्दल असतो, तर हा कर प्रत्येक किलो प्रदूषणाची किंमत असतो. किंमत मोजायची असली की कारखानदार आपोआप विचार करू लागतो की हा किलो बाहेर सोडणे स्वस्त की थांबवणे स्वस्त. पुढे रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये दाखवले की हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीला खर्च येत नसेल, तर दोन्ही बाजू आपसांत सौदा करूनही मार्ग काढू शकतात. दोन शेजारी असतील तर ते ठीक आहे. शेकडो धुराडी आणि लाखो नाके असतील तर सौद्याला बसणार कोण, हा प्रश्न उरतो आणि कराकडेच यावे लागते.

कर लावावा हे म्हणणे सोपे, पण तो नेमका कशावर लावायचा? कागदावरचा सिद्धांत इथेच कसाला लागतो. स्वीडनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन प्रदूषकांवर दोन वेगळ्या तऱ्हांनी आकारणी केली आणि त्यांतला फरक पाहिला की हा प्रश्न चांगला उलगडतो.

स्वीडनची तळी आणि जंगले आम्लवर्षेने खराब होत होती. त्यामागे मुख्यतः गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड होते. गंधकाचा हिशेब सरळ आहे: तो इंधनातच असतो आणि जेवढा इंधनात, साधारण तेवढाच धुरात. म्हणून १९९१ मध्ये इंधनातल्या गंधकावर किलोमागे ३० क्रोनर कर बसला. धुरातून गंधक काढून घेणाऱ्याला तो परत मिळे. त्यासाठी धुराड्यावर यंत्र बसवायची गरज नव्हती, इंधनाची तपासणी पुरेशी होती.

नायट्रोजनचे तसे नाही. थोडा नायट्रोजन इंधनात असतो, पण बराचसा हवेतूनच येतो. ज्वाळा फार तापली आणि तिथे प्राणवायू भरपूर असला, की हवेतला एरवी निष्क्रिय असणारा नायट्रोजन त्याच्याशी संयोग पावतो. हवा किती सोडली, ती कुठून सोडली, भट्टीचे तापमान किती चढू दिले यावर सगळे अवलंबून. एकाच बनावटीचे दोन बॉयलर, एकच इंधन, तरी एकाच्या धुरात दुसऱ्याच्या दुप्पट ऑक्साइड असू शकतात. अशा वेळी इंधनावर कर लावून काही साधत नाही, कारण भट्टी नीट चालवणारा आणि कशीही चालवणारा दोघेही सारखाच कर भरणार. मोजमाप धुराड्यातच करणे भाग होते.

म्हणून १९९२ पासून मोठ्या बॉयलरच्या धुराड्यात सतत मोजणारी उपकरणे बसवायला लावून किलोमागे ४० क्रोनर शुल्क सुरू झाले. ज्याने मोजले नाही त्याचे उत्सर्जन एका ठरावीक चढ्या दराने गृहीत धरले जाई, त्यामुळे न मोजणे हेच महाग पडे. पण उपकरणे आणि त्यांची देखभाल खर्चिक होती. लहान बॉयलरवर ती लादली असती तर मोजण्याचाच खर्च फायद्याला खाऊन गेला असता. त्यामुळे सुरुवातीला वर्षाला ५ कोटी युनिट किंवा त्याहून जास्त उपयुक्त ऊर्जा देणारे बॉयलरच या योजनेत घेतले. मर्यादा पुढे १९९६ मध्ये ४ कोटी आणि १९९७ मध्ये अडीच कोटी युनिटांवर आणली. शहरांना नळाने गरम पाणी पुरवणारी केंद्रे, कागदाचे कारखाने, कचरा जाळणारी संयंत्रे हे सगळे त्यात आले.

आता एक अडचण उभी राहिली. मोठ्या बॉयलरला शुल्क आणि लहानाला नाही, म्हटल्यावर काम लहानांकडे सरकणार आणि धूर तसाच राहणार. यावर काढलेली तोड मोठी हुशारीची होती. गोळा झालेली रक्कम, किरकोळ प्रशासकीय खर्च वजा करून, त्याच बॉयलरांना परत द्यायची, मात्र धुराच्या प्रमाणात नव्हे तर त्यांनी दिलेल्या उपयुक्त ऊर्जेच्या प्रमाणात. म्हणजे सरकारच्या तिजोरीत काही उरत नाही. सरासरीपेक्षा मळका बॉयलर भरतो आणि सरासरीपेक्षा स्वच्छ बॉयलर कमावतो.

एक कल्पित बॉयलर घेऊन आकडे मांडू. तो वर्षाला १० कोटी युनिट ऊर्जा देतो आणि ४० टन ऑक्साइड सोडतो. त्याचे शुल्क १६ लाख क्रोनर. सगळ्या बॉयलरांची सरासरी हजार युनिटांमागे ३०० ग्रॅम असेल, तर ऊर्जेच्या हिशेबाने त्याला १२ लाख परत मिळतील. निव्वळ भुर्दंड ४ लाख. व्यवस्थापक आता उपाय शोधू लागतो. पहिला उपाय म्हणजे हवेची मात्रा आणि ज्वाळेची जागा जमवून घेणे. त्यात ६ टन कमी होतात आणि खर्च जवळजवळ शून्य, फक्त मोजणीच्या पडद्याकडे लक्ष ठेवणारा शहाणा ऑपरेटर हवा. दुसरा उपाय म्हणजे भट्टीत अमोनिया किंवा युरिया फवारणे, म्हणजे ऑक्साइडचे पुन्हा साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर होते. त्याने आणखी ९ टन जातात आणि किलोमागे २५ क्रोनर पडतात. ४० चे शुल्क वाचवायला २५ खर्चणे परवडते. तिसरा उपाय उत्प्रेरक बसवण्याचा, किलोमागे ७० क्रोनरचा. तो कोणी करत नाही. बॉयलर २५ टनांवर थांबतो, शुल्क १० लाख होते, परतावा १२ लाखांचाच राहतो आणि भुर्दंडाच्या जागी २ लाखांची मिळकत होते. त्यातून युरियाचे सव्वादोन लाख वजा केले तरी आधीच्या ४ लाखांच्या भुर्दंडापुढे हा सौदा कितीतरी बरा. अर्थात सगळेच सुधारले की सरासरी खाली येते आणि परतावाही आकसतो, पण प्रत्येक किलो थांबवल्याने वाचणारे ४० क्रोनर तसेच राहतात.

कराची खरी ताकद इथे दिसते. सरकारने सगळ्यांना एकच मर्यादा घालून दिली असती, तर एखाद्याला किलोमागे १०० क्रोनर खर्चून ती गाठावी लागली असती आणि दुसरा स्वस्तात आणखी करू शकत असूनही मर्यादा गाठताच थांबला असता. शुल्कामुळे ४० क्रोनरच्या आत जे काही होण्यासारखे आहे ते सगळीकडे होते, आणि ते कुठे आहे हे सरकारला आधी ठाऊक असावे लागत नाही. स्वीडनमध्येही पहिल्या काही वर्षांतच दर युनिट ऊर्जेमागचे उत्सर्जन ठळकपणे, ४० टक्क्यांच्या आसपास उतरले. त्यातले बरेचसे नव्या यंत्रांनी नव्हे तर भट्टी चालवण्याच्या पद्धतीतल्या बदलांनी घडले. सतत मोजणी सुरू झाली तेव्हाच कित्येक ऑपरेटरांना आपल्या भट्टीची खोड कळली.

पण परताव्याची किंमतही चुकवावी लागली. पिगूंच्या कराने दोन गोष्टी साधायच्या असतात: धूर कमी करून माल बनवणे, आणि धुराचा माल महाग होऊन तो कमी खपणे. परतावा दिल्याने दुसरी गोष्ट जवळपास नाहीशी होते. गरम पाण्याची किंमत फारशी वाढत नाही, लोक पूर्वीइतकेच वापरतात आणि उरलेल्या २५ टनांचे नुकसान बिलात दिसत नाही. ऊर्जेचे उत्पादन वाढत गेल्याने एकूण उत्सर्जनातली घट दर युनिटमागच्या घटीपेक्षा बरीच कमी राहिली, ती यामुळेच. शिवाय ज्वाळा थंड ठेवताना इंधन अपुरे जळून कार्बन मोनॉक्साइड वाढण्याचा धोका असतो, अमोनिया जास्त फवारला तर तोच धुराड्यातून निसटतो. एकाच वायूला किंमत लावली की बाकीच्यांवर वेगळी नजर ठेवावी लागते.

दराचा प्रश्न तर कायमचा आहे. नुकसानीएवढा कर म्हणताना नुकसान मोजायचे कसे? आम्लाने मेलेल्या माशांची, खोकणाऱ्या मुलांची किंमत काढणाऱ्या दोन अभ्यासांचे उत्तर सहसा एक येत नाही. विल्यम बॉमोल आणि वॉलेस ओट्स यांनी १९७१ मध्येच व्यवहारी तडजोड मांडली होती: स्वच्छतेचे उद्दिष्ट आधी ठरवा आणि ते गाठेपर्यंत दर खालीवर करा. मात्र दर खालीवर करायला सरकारे कचरतात. स्वीडनचे ४० क्रोनर २००८ पर्यंत तसेच राहिले, तोवर महागाईने त्यांची धार बरीच बोथट केली. मग ते ५० झाले.

भारतात २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. वस्तू व सेवा कर आल्यावर त्याच ४०० रुपयांचे नाव भरपाई उपकर झाले आणि पैसा राज्यांच्या महसुलाची तूट भरायला वळला. कोळसा महाग झाल्याने कर्बवायूच्या बाबतीत थोडा तरी परिणाम साधत होता, कारण कर्ब गंधकासारखा इंधनातूनच येतो. राख आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या बाबतीत मात्र गोष्ट वेगळी. चंद्रपूरसारख्या ठिकाणचे एखादे वीज केंद्र धुराड्यावर उत्तम गाळणी बसवो किंवा न बसवो, २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत टनामागचा उपकर तोच होता. गाळणीचा खर्च हिशेबवहीत येतो, तिने वाचवलेले नुकसान येत नाही, आणि त्यामुळे गाळणी बसवण्यासाठी नियमाच्या बडग्याशिवाय दुसरे कारण उरत नाही.