आत्याची दाढ आणि एक अवघड जंतू

सांगलीच्या आत्याची दाढ काढली तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. सूज होती म्हणून दंतवैद्यांनी क्लिंडामायसिनच्या गोळ्या दिल्या, ३०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. दाढेची जखम छान भरली. गोळ्या संपून पाच दिवस झाले आणि आत्याला जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी चार वेळा, तिसऱ्या दिवशी अकरा वेळा. घरात सगळ्यांनी आदल्या आठवड्यातल्या बासुंदीला दोष दिला. वहिनीने जुलाब थांबवणारी गोळी दिली. जुलाब जंतूमुळे असल्याची शंका आलीच तर हेच करू नये, कारण जंतूचं विष आतड्यातच कोंडून राहतं.

मी तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. फोनवर मी एकच प्रश्न विचारला, "गेल्या तीन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक घेतलंस?" आत्या म्हणाली, "दाढेचं. पण ते तर संपलं."

ते संपल्यावरही हा जंतू जागा होतो. क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल. ‘डिफिसिल’ म्हणजे अवघड. १९३५ साली हॉल आणि ओटूल या दोघांनी नवजात बाळांच्या शीमधून तो वेगळा केला, आणि वाढवताना इतका त्रास झाला की नावच तसं पडलं. प्राणवायूचा त्याला तिटकारा. आमच्या प्रयोगशाळेत प्राणवायू काढून टाकलेल्या बंद बरणीत ताटल्या ठेवायच्या, दोन दिवसांनी झाकण उघडलं की घोड्याच्या तबेल्याचा दर्प यायचा. विद्यार्थी नाक दाबायचे, मी मात्र हरखून जायचे.

या वासाची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ॲमस्टरडॅमच्या एका रुग्णालयात क्लिफ नावाच्या बीगल कुत्र्याला दोन महिने हा वास शिकवला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वॉर्डात फिरताना त्याने ३० पैकी २५ रुग्ण बरोबर ओळखले. खाटेजवळ जाऊन शांतपणे बसायचा, एवढाच त्याचा अहवाल.

बाकीची पार्श्वभूमी थोडक्यात उरकते. क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीतली औषधं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट यांच्यानंतर हा त्रास जास्त, टेट्रासायक्लिननंतर कमी. पासष्टी उलटलेल्यांना आणि रुग्णालयात राहून आलेल्यांना धोका अधिक. जंतूचे बीजाणू चिवट असतात, अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत. हात साबणपाण्यानेच धुवायचे आणि संडास ब्लीचने पुसायचा.

आता माझ्या आवडीची गोष्ट, पित्ताची. यकृत पित्त तयार करतं, त्यात टॉरोकोलेट नावाचा क्षार असतो. आतड्यात शिरलेल्या बीजाणूला टॉरोकोलेट लागलं की ती जागे होण्याची खूण ठरते. मग आपल्या सगळ्यांच्या पोटात हा जंतू का माजत नाही? कारण मोठ्या आतड्यात काही मोजके जंतू राहतात, क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स हा त्यांतला एक. ते त्याच पित्ताचं डीऑक्सिकोलेट करून टाकतात, आणि डीऑक्सिकोलेटमध्ये आमच्या अवघड जंतूची वाढ खुंटते. म्हणजे एकच पित्त, वरच्या अंगाला भोंगा आणि खालच्या अंगाला लगाम. आत्याच्या गोळ्यांनी दाढेतल्या जंतूंबरोबर हे लगामवालेही मारले. भोंगा तेवढा वाजत राहिला.

तपासणीत आमची फजितीच झाली. आतेभावाने सकाळी सात वाजता नमुना घेतला आणि स्कूटरच्या डिकीत ठेवून दुपारी बाराला प्रयोगशाळेत दिला. या तपासणीत दोन गोष्टी पाहतात. जीडीएच नावाचं विकर सापडलं म्हणजे जंतू आहे. विष सापडलं म्हणजे तो उपद्रव करतोय. आत्याचं पहिलं आलं, दुसरं नाही. उन्हात पाच तास राहिल्यावर विष टिकत नाही. ताजा नमुना तासाभरात पोहोचवला, तेव्हा दोन्ही सापडली. असा गोंधळ झाल्यावर पीसीआरही करतात, पण पीसीआरला दिसतं ते फक्त विष बनवणारं जनुक. जंतू नुसताच मुक्कामाला असला तरी पीसीआर होकार देतो. म्हणून दिवसातून तीन किंवा अधिक पातळ जुलाब नसतील तर तपासूच नये, आणि घट्ट शी आली तर प्रयोगशाळेने नमुना परत पाठवावा, असा दंडक आहे.

रक्तात पांढऱ्या पेशी १३,२०० होत्या, क्रिएटिनिन १.१. पेशी १५,००० वर किंवा क्रिएटिनिन दीडच्या वर गेलं असतं तर आजार तीव्र धरला असता. डॉक्टरांनी व्हँकोमायसिन दिलं, १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चारदा, दहा दिवस, तोंडाने. नर्सने शिरेतून द्यायची कुपी पाण्यात विरघळवली आणि तिचे चार भाग केले. आत्या वैतागली, "सुईचं औषध पाजतात का कुणी?" पाजतातच. शिरेतून दिलं तर ते मोठ्या आतड्यात पोहोचत नाही आणि तोंडाने घेतलं तर आतड्यातून रक्तात जवळजवळ जात नाही. इथे तेच हवं असतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२१ साली फिडॅक्सोमायसिनला पहिली पसंती दिली, कारण ते बाकीच्या जंतूंची कमी नासधूस करतं आणि आजार उलटण्याचं प्रमाण घटतं. मेट्रोनिडाझोल मात्र आता पहिल्या रांगेतून उठलं आहे. सौम्य आजारात दुसरं काही मिळत नसेल तेव्हा, किंवा अगदी गंभीर रुग्णाला व्हँकोमायसिनच्या जोडीला शिरेतून, एवढंच त्याचं काम उरलं.

चौथ्या दिवशी जुलाब थांबले. औषध संपल्यावर बाराव्या दिवशी पुन्हा सुरू झाले.

हा आजार पाचांतल्या एकाला उलटतो, आणि एकदा उलटला की पुढच्या खेपेची शक्यता वाढते. कारण सोपं आहे. व्हँकोमायसिन वाढणारा जंतू मारतं, झोपलेला बीजाणू मारत नाही, आणि लगामवाल्यांना परत यायला वेळही देत नाही. डेन्व्हरच्या बेन आयझमन या शल्यचिकित्सकाने १९५८ साली याचं धाडसी उत्तर दिलं होतं. अँटिबायोटिकनंतर आतडं बिघडून मरणपंथाला लागलेल्या चार रुग्णांना त्याने निरोगी माणसाच्या शीचा एनिमा दिला आणि चौघे बरे झाले. त्याला वाटत होतं दोष स्टॅफिलोकॉकसचा आहे! खरा गुन्हेगार १९७८च्या सुमारास जॉन बार्टलेट वगैरेंनी पकडला, क्लिंडामायसिन दिल्यावर मरणाऱ्या हॅमस्टरांच्या मदतीने. गुन्हेगार चुकीचा धरून न्याय मात्र बरोबर केलेला, असा शल्यचिकित्सक मला फार आवडतो.

पुढे ॲमस्टरडॅमला नीट चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. दात्याची शी मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून नाकातून नळीने लहान आतड्यात सोडली. सोळांपैकी तेरा जण एकाच खेपेत बरे झाले, नुसत्या व्हँकोमायसिनने तेरांपैकी चार. फरक इतका होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. आता अमेरिकेत याचं तयार औषध मिळतं. २०२२ साली गुदमार्गे द्यायचं मान्य झालं, २०२३ साली कॅप्सूल, रोज चार, तीन दिवस. पण दात्याची कसून तपासणी लागते. २०१९ साली दात्याच्या शीतून औषधाला न बधणारा ई-कोलाय गेला आणि एक रुग्ण दगावला.

मी हे सगळं उत्साहाने आत्याला सांगितलं. तिने एकच विचारलं, "कुणाची?" आतेभाऊ तयार आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "त्याला लहानपणी मीच धुतलाय, आता उलटं नको."

तशी वेळ आली नाही. डॉक्टरांनी व्हँकोमायसिन हळूहळू उतरवत नेलं. चौदा दिवस रोज चारदा, मग आठवडाभर दोनदा, आठवडाभर एकदा, त्यानंतर सहा आठवडे दर तिसऱ्या दिवशी एक डोस. डोसांमधल्या मोकळ्या दिवसांत उरलेले बीजाणू जागे होतात आणि पुढच्या डोसला सापडतात, आणि आतड्यातले जुने रहिवासीही तेवढ्यात पाय रोवतात. आत्या बरी झाली, वजन चार किलो उतरलं होतं ते दिवाळीपर्यंत भरून आलं.

शेवटच्या भेटीत तिने डॉक्टरांकडे हट्ट धरला की पुन्हा तपासणी करून ‘नाही’ असं कागदावर लिहून द्या. डॉक्टरांनी नकार दिला. बरं वाटल्यावरही कित्येक आठवडे जंतू शीत सापडू शकतो, आणि तो सापडला म्हणून काही उपचार करायचा नसतो. आत्याला हे अजून पटलेलं नाही. पैसे वाचवले म्हणते डॉक्टरांनी, पण कुणाचे ते कळत नाही.