आधी अ‍ॅड्रेनलिन, मग अ‍ॅव्हिल

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिल्यावर काही मिनिटांतच रुग्णाच्या अंगावर गांधी उठल्या, छातीत घरघर सुरू झाली, वरचा रक्तदाब ७०वर आला. अशा वेळी हात सवयीने अ‍ॅव्हिलकडे जातो. पण अ‍ॅव्हिलने खाज थांबते, जीव वाचत नाही. प्रौढाला १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेलं अ‍ॅड्रेनलिन अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यावं. ते अल्फा-१ रिसेप्टरला चिकटलं की सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यांतला पाझर थांबतो, रक्तदाब चढतो, घशाची सूज उतरते. बीटा-१मुळे हृदय जोराने आकुंचन पावतं. बीटा-२मुळे श्वासनलिका मोकळ्या होतात, शिवाय मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटणंही आवरतं. नंतरची धडधड, थरथर अपेक्षितच. ५ मिनिटांत उतार नसेल, तर तोच डोस पुन्हा द्या. धाप लागल्याने रुग्णाला बसवावं लागलं, तरी उभं मात्र करू नका. हृदय थांबू शकतं.