झाकणाखालचा भात

सुशीचा भात शेगडीवर शिजताना दिसत नाही, तो ऐकावा लागतो. जपानी घरांमध्ये एक जुनी समजूत आहे: बाळ रडू लागलं तरी भाताचं झाकण उघडू नये. त्यामागे चोख हिशेब आहे. या भाताची पेज काढत नाहीत. मोजून घातलेलं सगळं पाणी दाण्यांत मुरायला हवं, आणि झाकण उचललं की त्यातलं थोडं वाफ होऊन निघून जातं.

तांदूळ आखूड, गोलसर दाण्याचा जपानी जातीचा, उदाहरणार्थ कोशिहिकारी. बासमतीत अमायलोज जास्त असल्याने तो मोकळा होतो. यात ते कमी, म्हणून शितं एकमेकांना धरून राहतात. जपानी तांदळाचं माप म्हणजे ‘गो’, 180 मिलिलिटरचं. दोन मापं घेतली की साधारण 300 ग्रॅम तांदूळ होतो.

पहिलं पाणी ओतायचं, दोनदा हात फिरवायचा आणि लगेच फेकायचं. कोरडा दाणा पाणी झटकन ओढतो, त्याबरोबर कोंड्याचा वासही. मग हलक्या हाताने तीन-चार पाणी. शेवटचं पाणी अगदी नितळ असण्याची गरज नाही. किंचित धुरकट चालतं. जोर लावून चोळलं तर दाणे मोडतात आणि भात गिच्च होतो.

तांदूळ चाळणीत निथळून जाड बुडाच्या भांड्यात घालायचा. साध्या भाताला तांदळाच्या मापाच्या 1.2 पट पाणी लागतं. सुशीसाठी इथे 360 ते 400 मिलिलिटर, कारण नंतर व्हिनेगरही मुरणार असतं. त्याच पाण्यात अर्धा तास भिजवायचं. हा अर्धा तास वाचवला तर दाणा बाहेरून मऊ होतो, पोटात मात्र कणी राहते.

घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर ठेवलं की काही मिनिटांत कढ येतो, झाकण थरथरतं, कडेने फेस डोकावतो. तत्क्षणी आच अगदी मंद करायची. दहा-बारा मिनिटं आत बुडबुड चालते, मग ती थांबून बारीक तडतड ऐकू येते. पाणी संपलं! आता गॅस बंद.

पण झाकण तसंच. या वेळी तळचा भात ओलसर आणि वरचा कोरडा असतो. पंधरा मिनिटांत कोंडलेली वाफ दोन्हींना सारखं करते. घाईत उघडलेला भात तळाला चिकटतो.

मग तो पसरट लाकडी भांड्यात काढून, गरम असतानाच, साखर-मीठ विरघळवलेलं व्हिनेगर शिंपडतात. दोन मापांना चार मोठे चमचे व्हिनेगर, दोन साखर, एक लहान चमचा मीठ. ओला केलेला उलथना उभा धरून भात कापल्यासारखा परतायचा, सोबत पंख्याने वारा घालायचा. त्याने वरचं पाणी उडतं आणि शितांवर चकाकी येते. सुशी वळायची ती भात अंगाइतका कोमट झाल्यावर. फ्रिजमध्ये ठेवला तर तो कडक होतो.