राउटरला काय दिसतं?

घरमालकाच्या वाय-फायवर भाडेकरूने मराठी विकिपीडियावर मधुमेहाचा लेख वाचला, तर मालकाला काय कळेल? फोन आधी mr.wikipedia.org या नावाचा आयपी पत्ता विचारतो. ही डीएनएस विचारणा बहुधा राउटरमार्फतच जाते आणि नोंदी चालू असतील तर संकेतस्थळाचं नाव, वेळ आणि फोनची ओळख तिथे उमटते. लेख कोणता, हे मात्र कळत नाही. https असल्याने पत्त्याचा पुढचा भाग, शोधलेले शब्द, पासवर्ड, सगळं कुलूपबंद पाकिटातून जातं.

इन्कॉग्निटोने यात काहीच फरक पडत नाही. ते फक्त फोनमधला इतिहास ठेवत नाही. अँड्रॉइडमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ विचारणा झाकतं, पण जोडणी सुरू होताना संकेतस्थळाचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं. ते टिपायला साध्या राउटरपेक्षा जास्त तयारी लागते, इतकंच. व्हीपीएन चालू असेल, तर दिसतो फक्त व्हीपीएनचा सर्व्हर.

नोंदी वाचून संशय घेणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: जाहिराती आणि ॲप्स परस्पर डझनावारी नावं विचारत असतात. यादीत नाव आलं म्हणजे कोणी ते संकेतस्थळ उघडलंच, असं नाही.