दिवसभराची चॅट आणि रात्रीचा लांबलचक मेसेज

साखरपुडा आणि लग्न यांच्यात पाच-सहा महिन्यांचं अंतर असलं, की हल्ली त्या काळातली बरीचशी ओळख व्हॉट्सअ‍ॅपवरच होते. भेट महिन्यातून एखादी, फोन अधूनमधून, बाकी सगळं चॅटवर. आणि पहिली कुरबुर बहुधा याच चॅटवरून सुरू होते. एकाला दिवसभर थोडं थोडं बोलत राहायचं असतं, तर दुसऱ्याला दिवसाचं काम आटोपल्यावर निवांत बसून सविस्तर लिहायचं असतं.

समजा, मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि मुलगी कोल्हापुरात एका रुग्णालयात नर्स आहे. तो दिवसभर स्क्रीनसमोर, फोन हाताशी. ‘पोचलीस?’, ‘चहा झाला?’, ‘काय करतेस?’ असे त्याचे मेसेज सकाळपासून सुरू होतात. ती ड्यूटीवर असते, फोन लॉकरमध्ये. दुपारी तीनला बाहेर येऊन पाहते तर पंचवीस मेसेज, आणि शेवटचा ‘रागावलीस का?’ रात्री साडेदहाला ती तीन परिच्छेद लिहिते. वॉर्डमध्ये काय झालं, आत्याने मानपानाबद्दल काय काढलं, लग्नानंतर पुण्यात नोकरी शोधायची तर कशी भीती वाटते. त्यावर त्याचं उत्तर येतं, ‘हो ना! जेवलीस का?’

या दोघांमधल्या पहिल्याचं दुःख सगळ्यांना दिसतं, कारण तो ते बोलून दाखवतो: ‘तू उत्तरच देत नाहीस.’ दुसरीचं दुःख मात्र सहसा कुणी मोजत नाही. अर्धा तास बसून लिहिलेल्याची एका ओळीत बोळवण झाली, की माणूस पुढच्या वेळी कमी लिहितो. मग तीही ‘हो’, ‘बरं’, ‘बघू’ वर येते आणि त्याला वाटतं, हिला बोलायचंच नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ क्रिस्तियान लिकोप यांनी २००४ मध्ये, व्हॉट्सअ‍ॅप जन्मायच्या आधीच, फोन वापरणाऱ्यांचा अभ्यास करून या दोन तऱ्हा वेगळ्या काढल्या होत्या. काही नात्यांत माणसं क्वचित पण भरपूर बोलतात, मधल्या काळातलं सगळं एकमेकांना सांगतात. काही नात्यांत सतत छोटे फोन आणि मेसेज जात-येत असतात. त्यात सांगण्यासारखं फारसं नसतं, ‘मी आहे, तुझी आठवण आहे’ एवढं पोचलं की काम झालं. त्याआधी कितीतरी वर्षं, १९२३ मध्ये, मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं, की माणसांची बरीच बोलणी माहिती देण्यासाठी नसतातच, सोबत जाणवावी म्हणून असतात. ‘काय, बाजारात का?’ असं आपण विचारतो तेव्हा समोरच्याच्या हातातली पिशवी आपल्याला दिसत असतेच की.

म्हणून ‘त्याने मेसेज निम्मे करावेत, तिने दुप्पट’ ही घरच्यांची तडजोड टिकत नाही. त्याला सोबत हवी आहे आणि तिला ऐकून घेणारं माणूस. संख्या कमी-जास्त केली तरी दोघांचंही अपुरंच राहतं. ठरवायचं ते वेगळंच: कोणत्या मेसेजला उत्तर हवं, आणि ते कधीपर्यंत.

आमच्या या जोडीने सुरुवात प्रश्नचिन्हापासून करावी. त्याचे बहुतेक मेसेज प्रश्न आहेत आणि प्रत्येक प्रश्न तिच्या डोक्यावर उधारी ठेवतो. पंचवीस मेसेज वाचणं अवघड नाही. पंचवीस उत्तरं द्यायची आहेत, हे ओझं होतं. तेच मेसेज बातमीसारखे लिहिता येतात. ‘जेवलीस का?’ ऐवजी ‘कँटीनमध्ये आज पुन्हा दोडका.’ हिंजवडीच्या ट्रॅफिकचा फोटो, पावसाची खबर, बॉसवरचा वैताग, हे सगळं त्याने खुशाल पाठवावं. दुपारी ती एकत्र वाचेल, एखाद्यावर हसू टाकेल, आणि तेवढं पुरेसं आहे असं दोघांनी आधी मान्य केलेलं असेल. ज्याला खरोखर उत्तर हवंय तो प्रश्न वेगळा, स्पष्ट: ‘हॉलची आगाऊ रक्कम आज भरायची आहे, रात्रीपर्यंत सांग.’ आणि तातडीचं असेल तर मेसेज नकोच. थेट फोन, लागला नाही तर लगेच दुसरा. लागोपाठ दोन मिस्ड कॉल म्हणजे काहीतरी निकडीचं, एवढी खूण पुरते.

तिच्या बाजूचं काम छोटं आहे, पण रोज करायचं. फोन लॉकरमध्ये ठेवण्यापूर्वी एक ओळ: ‘आत जातेय, तीनला बाहेर.’ सांगून गेलेल्या माणसाची वाट पाहता येते. न सांगता गप्प झालेल्या माणसाबद्दल मात्र मन हजार शंका काढतं, आणि ‘रागावलीस का?’ तिथूनच येतं.

रात्रीच्या लांब मेसेजचंही ठरवावं लागतं. तिने तो एका दमात न पाठवता विषयवार तीन तुकड्यांत पाठवला, तर त्याला प्रत्येक तुकडा बाजूला सरकवून त्याच्याखाली उत्तर देता येतं. आत्याचा मानपान आणि पुण्यातली नोकरी यांची खिचडी होत नाही. तो थकलेला असेल तर ‘वाचलं, नोकरीचं उद्या नीट लिहितो’ एवढं त्याच रात्री जावं, आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच लिहावा. हे ‘खरंच’ चुकलं तर बाकी सगळं ठरवलेलं फुकट. लिहिणं ज्याला जमत नाही त्याने व्हॉइस मेसेज करावा, मात्र नर्सला वॉर्डमध्ये तो ऐकता येणार नाही, हे धरून चालावं.

फोनमधल्या सेटिंग्जवर माझा फारसा भरवसा नाही. निळ्या खुणा बंद केल्या तर समोरच्याने आपलं वाचलं की नाही, हेही आपल्याला दिसत नाही. ‘लास्ट सीन’ अचानक लपवलं तर नवाच संशय. त्यापेक्षा लग्नखरेदीचे आणि चुलत-मावस भावंडांचे ग्रुप म्यूट करावेत. तिचा निम्मा थकवा तिथूनच येत असतो आणि बोल मात्र त्याला लागतो.

गाडी पुन्हा घसरतेय हे ओळखायला दोन खुणा पुरतात: लांब मेसेजवर नुसता अंगठा येऊ लागतो, किंवा ‘मी एवढे पाठवले, तू एवढेच’ अशी मोजदाद सुरू होते. तेव्हा चॅटवर वाद घालू नये. एक जण मागे लागतो, दुसरा आत मिटतो, आणि तो मिटला म्हणून पहिला आणखी मागे लागतो. टाइप करताना हे चक्र जोरातच फिरतं.

एक फरक मात्र लग्नाआधीच नीट पाहून घ्यावा. ‘कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, फोटो पाठव, लोकेशन टाक’ असं दिवसभर चालू असेल तर त्याला गप्पांची आवड म्हणत नाहीत. ती पाळत आहे. तसंच, भांडण झालं की चार-चार दिवस मुद्दाम गप्प बसणारा माणूस सविस्तर लिहिणाऱ्यांपैकी नसतो. तो शिक्षा करत असतो. या दोन्हींवर वरचे उपाय चालत नाहीत. तिथे समोरासमोर बोलावं, मोठ्यांना सांगावं, आणि वेळ पडल्यास लग्न पुढे ढकलावं किंवा मोडावं.

बाकीच्यांनी या आठवड्यात मेसेज बाजूला ठेवून एक फोन करावा आणि एवढंच विचारावं: दिवसभरातला माझा कोणता मेसेज आला नाही तर तुला चुकल्यासारखं होईल, आणि कोणता आला नाही तरी चालेल? उत्तर ऐकून मगच काय कमी करायचं ते ठरवा.